“काका, स्टे मिळाला”: तारखेच्या चॅटवरून अशिलाचं पत्र लिहिताना

तालुक्याच्या कोर्टात वाटपाचे दावे चालवणाऱ्या आमच्या ऑफिसात तारखेची बातमी अशिलाला पहिल्यांदा मिळते ती व्हॉट्सॲपवर. कोर्ट हॉलमधून बाहेर पडल्या पडल्या ज्युनिअर दोन ओळी टाकतात. त्यात गैर काही नाही. नोकरीच्या गावी जीव टांगणीला लावून बसलेल्या माणसाला रात्रीपर्यंत थांबवणं बरं नव्हे. अडचण पुढे सुरू होते. त्या दोन ओळी अशील जपून ठेवतो, भावकीत दाखवतो, त्यांच्या भरवशावर शेतात बोअर मारायला माणूस बोलावतो. म्हणून ज्या तारखेला एखादा आदेश झाला, अर्जावर समोरच्याचं म्हणणं म्हणजे से किंवा दाव्याला त्याचं उत्तर म्हणजे कैफियत दाखल झाली किंवा पुरावा नोंदवला गेला, त्या तारखेचं लेखी पत्र गेलंच पाहिजे असा नियम आम्ही केला. नुसती तारीख पडली असेल तर चॅट पुरते.

चॅटचं पत्र कसं होतं हे एका दाव्यावरून सांगतो. माणसं आणि मिळकत ओळखू येऊ नये इतके तपशील बदलले आहेत, कागदांची रीत मात्र जशीच्या तशी आहे.

दावा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा आणि स्वतंत्र ताब्याचा. वादी धाकटे भाऊ, नोकरीमुळे ठाण्याला. प्रतिवादी क्रमांक १ थोरले भाऊ, गावीच शेती करणारे. क्रमांक २ आणि ३ दोघी बहिणी. जमीन दोन गटांत. त्यातल्या रस्त्याकडच्या गटातला एक तुकडा वादी वाट्याने करायला देतात, बाकी सगळी वहिवाट थोरल्यांची. थोरले भाऊ तो रस्त्याकडचा गट विकायला निघाल्याचं कळलं म्हणून दावा लावला आणि सोबत निशाणी ५ ला तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज दिला. अर्जात मागण्या दोन होत्या. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादींनी जमीन विकू नये, गहाण टाकू नये, कुणा तिऱ्हाइताचा हक्क निर्माण करू नये, ही एक. वादीच्या ताब्यातल्या तुकड्यात हरकत करू नये, ही दुसरी.

त्या दिवशीचं चॅट असं होतं:

“काका नमस्कार 🙏 आज आपलं काम मस्त झालं. स्टे मिळाला!! समोरचा वकील पण आला होता पण साहेबांनी त्यांचं ऐकलंच नाही. आता ते जमीन विकूच शकत नाहीत. पुढच्या तारखेला फायनल होऊन जाईल. टेन्शन घेऊ नका.”

“ताई, खूप बरं वाटलं. म्हणजे आपला हिस्सा नक्की ना?”

“हो काका, ९९ टक्के आपल्याच बाजूने आहे.”

“मग तुकड्याला कुंपण घालून घेऊ का या महिन्यात?”

या शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून अंगठा गेला होता.

पत्राला बसताना चॅट उघडायचं ते फक्त अशिलाला आपण काय सांगून बसलो आहोत हे पाहायला. पत्रातला एकही शब्द त्यातून उचलायचा नाही, तो कोर्टाच्या कागदातूनच यायला हवा. आणि इथे पहिली चूक होते ती कुठला कागद पाहायचा यातच. ज्युनिअर मोबाईलवर ई-कोर्ट्सचं पान उघडतात, सी.एन.आर. नंबर टाकतात आणि तिथे दिसणारी पुढची तारीख व टप्पा घेऊन मोकळे होतात. तारीख आणि टप्पा कळायला ते ठीक आहे. पण कोर्टाने काय दिलं, किती दिलं आणि कुणाला बांधलं, ते त्या ओळीत नसतं. रोजनाम्यातही पुष्कळदा “निशाणी ५ वर आदेश केला” एवढंच असतं. खरा आदेश निशाणी ५ च्या अर्जावरच, मोकळ्या जागेत साहेबांच्या हातचा असतो, नाहीतर अर्जाला जोडलेल्या वेगळ्या कागदावर असतो. म्हणून नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. नक्कल हाती येईपर्यंत फाईल पाहून आदेश वहीत शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा, आणि पत्र नकलेवरून लिहिलं की उताऱ्यावरून, हे पत्रातच सांगायचं.

या दाव्यात अर्जावरचा आदेश इंग्रजीत दोन ओळींचा होता: “पार्टीज शॅल मेंटेन स्टेटस को इन रिस्पेक्ट ऑफ पझेशन ऑफ द सूट प्रॉपर्टी टिल नेक्स्ट डेट. डिफेंडंट नंबर वन टू फाईल से.” रोजनाम्यात आणखी तीन गोष्टी होत्या: प्रतिवादी १ तर्फे वकीलपत्र दाखल, से देण्यासाठी मुदतीचा अर्ज मंजूर, आणि प्रतिवादी २ व ३ यांची समन्स बजावणी बाकी.

आता हे चॅटशेजारी ठेवून वाचलं की काय काय निसटलं ते दिसतं.

सगळ्यात मोठी गफलत “विकूच शकत नाहीत” या शब्दांत आहे. आदेश ताब्यापुरता आहे. जमीन विकू नये ही पहिली मागणी कोर्टाने फेटाळलेली नाही आणि मंजूरही केलेली नाही. तिचा विचार से आल्यावर होईल. थोरल्या भावांनी उद्या खरेदीखत केलं तर या दोन ओळींच्या बळावर अवमानाचा अर्ज टिकेलच असं म्हणता येणार नाही. अशील मात्र निश्चिंत होऊन बसलेला असतो. त्याला आज ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज आहे, म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयात दावा चालू असल्याची नोटीस नोंदवणं, तीच तो करत नाही, कारण स्टे मिळालाय असं त्याला वाटतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे दावा चालू असताना झालेलं हस्तांतरण दाव्याच्या निकालाला बांधील राहतं. महाराष्ट्रातल्या दुरुस्तीनुसार मात्र या कलमाचा आधार घ्यायचा तर ती नोटीस नोंदवलेली असावी लागते. जास्तीचं आश्वासन नुसतं खोटी आशा लावून थांबत नाही, वेळेत करायचं कामही मागे पाडतं, हे इथे स्पष्ट दिसतं.

दुसरी गोष्ट “पार्टीज” या शब्दात आहे. आदेश उभय पक्षांवर आहे, म्हणजे आपल्या अशिलावरसुद्धा. ज्या कुंपणाच्या प्रश्नाला अंगठा गेला, ते कुंपण घातलं असतं तर जैसे थे स्थिती आपल्याच बाजूने मोडली असती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २-अ प्रमाणे मनाई मोडणाऱ्याची मिळकत जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. समोरच्या वकिलाला असा फोटो मिळाला की निशाणी ५ च्या युक्तिवादात आपली बाजू लंगडी होते, ते वेगळंच.

तिसरी, “पुढच्या तारखेपर्यंत.” हा आदेश त्या तारखेला पुढे चालू ठेवून घ्यावा लागतो. त्या दिवशी आपलं कुणी हजर नसलं किंवा चालू ठेवण्याची विनंतीच झाली नाही, तर आदेशाची मुदत तिथेच संपू शकते. “पुढच्या तारखेला फायनल” हे तर घडणंच कठीण, कारण त्या तारखेला जास्तीत जास्त से येईल, दोन बहिणींना समन्स लागलं का ते कळेल, आणि युक्तिवादाला पुढची तारीख पडेल.

आणि “साहेबांनी त्यांचं ऐकलंच नाही”? समोरच्या वकिलाने से देण्यासाठी मुदत मागितली आणि ती मिळाली. साहेबांच्या मनात काय आहे याचा अंदाज चॅटमध्ये कधीच जाऊ नये. न्यायाधीशांनी कुणाकडे पाहून मान डोलावली, कुणाला लवकर थांबवलं, यावरून निकाल ओळखायची सवय बाररूममध्ये सगळ्यांनाच असते. ती तिथेच राहू द्यावी.

एवढी जुळणी झाली की पत्र लिहायला फार वेळ लागत नाही. या दाव्यात गेलेलं पत्र, नावगाव वगळून, असं:

“स.न.वि.वि.

आपल्या वाटपाच्या दाव्यात आज झालेल्या कामकाजाची माहिती खालीलप्रमाणे कळवीत आहोत. ही माहिती न्यायालयाची फाईल पाहून उतरवून घेतलेल्या आदेशावरून दिली आहे. प्रमाणित नकलेसाठी अर्ज केला असून नक्कल मिळताच प्रत पाठवू.

आज काय झाले : प्रतिवादी क्र. १ यांच्या वतीने वकील हजर झाले. त्यांनी मनाई अर्जावर म्हणणे देण्यासाठी मुदत मागितली व ती मंजूर झाली. प्रतिवादी क्र. २ व ३ यांना समन्स अद्याप बजावले गेलेले नाही.

न्यायालयाचा आदेश : पुढील तारखेपर्यंत दाव्यातील मिळकतीच्या ताब्याबाबत दोन्ही पक्षांनी जैसे थे स्थिती ठेवावी.

या आदेशाचा आज अर्थ काय : आपण वहिवाटत असलेला तुकडा आपल्याकडे, व प्रतिवादी वहिवाटत असलेला भाग त्यांच्याकडे, असाच राहावयाचा आहे. हा आदेश आपल्यालाही लागू आहे. त्यामुळे कुंपण, बोअर, बांध फोडणे किंवा बांधकाम असा कोणताही बदल आपण किंवा आपल्या वाटेकऱ्याने करू नये. चालू पिकाची नेहमीची मशागत व काढणी करण्यास हरकत नाही.

काय ठरलेले नाही : जमीन विकण्यास मनाई करावी या आपल्या मागणीवर अद्याप आदेश झालेला नाही. तसेच आपला हिस्सा आहे की नाही व किती, हा मूळ दाव्याचा प्रश्न असून त्यावर पुराव्यानंतर निर्णय होईल. आजच्या आदेशावरून त्याबाबत कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही.

दुरुस्ती : आज दुपारी व्हॉट्सॲपवर ‘आता ते जमीन विकू शकत नाहीत’, ‘पुढच्या तारखेला फायनल होईल’ व ‘९९ टक्के आपल्या बाजूने’ असे कळवले होते. ती विधाने बरोबर नव्हती. तसेच कुंपणाबाबतच्या आपल्या प्रश्नाला दिलेला होकार मागे घेत आहोत. त्याऐवजी हे पत्र ग्राह्य धरावे.

आपण काय करावयाचे : एक, दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावयाची आहे. त्यासाठी दोन्ही गटांचे चालू ७/१२ व ओळखपत्र घेऊन या आठवड्यात कार्यालयात यावे. दोन, बहिणींचे सध्याचे पूर्ण पत्ते कळवावेत. तीन, विक्रीबाबत काही हालचाल कळल्यास, म्हणजे मोजणी, इसार किंवा वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, त्याच दिवशी फोन करावा व कागद असल्यास फोटो पाठवावा.

पुढील तारीख : ______. त्या दिवशी आजचा आदेश चालू ठेवावा व विक्रीच्या मागणीवरही अंतरिम आदेश व्हावा, अशी विनंती आपल्या वतीने करण्यात येईल. ती मान्य करणे न करणे न्यायालयाच्या अधिकारात आहे. आपण स्वतः हजर राहण्याची आवश्यकता नाही.”

“काय ठरलेले नाही” हा परिच्छेद ज्युनिअरांना जड जातो. चांगली बातमी दिल्यावर ती लगेच खाली ओढल्यासारखं त्यांना वाटतं. पण अशील वर्षभराने फाईल उघडतो तेव्हा याच परिच्छेदामुळे त्याला कळतं की आपण नक्की कुठे होतो. तो “आदेशाचा अर्थ” या परिच्छेदाच्या लगेच खाली हवा. शेवटी बारीक अक्षरात “वरील माहिती कोणत्याही निकालाची हमी नाही” अशी ओळ टाकून सुटका करून घेणं आम्हाला मान्य नाही. वरच्या भागात हमी द्यायची आणि खाली ती काढून घ्यायची, तर वाचणारा वरचंच लक्षात ठेवतो.

दुरुस्तीचा परिच्छेदही असाच नकोसा वाटतो. “आधीच्या संदेशाऐवजी हे पत्र ग्राह्य धरावे” एवढं लिहून भागत नाही का, असा प्रश्न येतो. भागत नाही, कारण कुठलं विधान चुकीचं होतं ते त्यातून कळत नाही, आणि अशील दोन्ही कागद खरे धरून चालतो. चुकलेलं वाक्य अवतरणात घालून तेवढं मागे घ्यायचं. पत्र हाती पडायच्या आधी फोन करून सांगायचं, विशेषतः कुंपणासारखा प्रश्न असेल तर, कारण टपालाला दोन दिवस लागतात आणि कुंपणाचे खांब एका दिवसात उभे राहतात. चॅटमधला संदेश “सर्वांसाठी हटवा” करायचा नाही. अशिलाने त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढलेला असतो, आणि हटवलेल्या संदेशाची खूण लपवाछपवीसारखी दिसते. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ ला ठरवलं, त्यामुळे काही जणांना आता कागदाची चिंता उरली नाही असं वाटतं. वकील कायद्याच्या कलम ३५ खालची गैरवर्तनाची तक्रार होती तशीच आहे, आणि तिथे चॅट आणि पत्र दोन्ही वाचली जातात.

आता “९९ टक्के” या आकड्याकडे. अशिलाला आपली बाजू किती भक्कम आहे हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. “कोर्टात काहीही होऊ शकतं” असं उत्तर देणं म्हणजे त्याचा प्रश्न टाळणं. फीवर वकील ठेवलाय तो मत द्यायलाच. आकडा चुकीचा यासाठी की त्यामागे काहीच मोजलेलं नसतं, आणि नवीन कागद समोर आला की तो कसा बदलायचा हेही ठरवता येत नाही. मत द्यायचं ते कागदांवरून. या दाव्यात वेगळ्या पानावर आम्ही लिहिलं ते साधारण असं: जमीन आजोबांच्या नावे होती हे जुन्या ७/१२ आणि फेरफारांवरून दिसतं, ही आपली जमेची बाजू. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत चारही भावंडांची नावं आहेत, तीही. पण त्यानंतरच्या एका फेरफारात आपसात वाटणी झाल्याचा उल्लेख आहे आणि त्यावर आपली सही असल्याचं दिसतं. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही, हे खरं. तरी ती सही कशासाठी केली होती याचं उत्तर उलटतपासात द्यावं लागेल, आणि ते पटलं नाही तर “वाटप आधीच झालंय” हा प्रतिवादीचा बचाव उभा राहू शकतो. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेलं असेल तर मत मुळापासून बदलेल. तसं काही असल्यास आत्ताच सांगावं.

या शेवटच्या वाक्यासाठी तरी हे पान लिहावं. “आपलंच आहे” असं ऐकलेला अशील हक्कसोडपत्राची गोष्ट काढत नाही, त्याला ती काढायची गरजच वाटत नाही. मत अटींसह समोर आलं की तो आठवायला लागतो, बायकोला विचारतो, पेटी उघडतो.

हे मत वेगळ्या पानावर का, याचं कारण व्यवहारातलं आहे. पत्र हाती पडलं की अशील त्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो, आणि वाटपाच्या दाव्यात त्या ग्रुपमध्ये प्रतिवादी असतातच. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ प्रमाणे अशिलाच्या संमतीशिवाय त्याच्याशी झालेला व्यवहार वकिलाला उघड करता येत नाही. अशिलाने स्वतःच तो चव्हाट्यावर मांडला तर ते संरक्षण कुठे उरतं? म्हणून कामकाजाचं पत्र असं लिहायचं की थोरल्या भावाने वाचलं तरी आपलं काही बिघडणार नाही. कच्चे दुवे, उलटतपासाची भीती, तडजोडीत कुठपर्यंत यायचं हे सगळं मताच्या पानावर. त्या पानाच्या माथ्यावर “फक्त आपल्यासाठी, पुढे पाठवू नये” असं लिहायचं, आणि शक्यतो ते अशील ऑफिसात आल्यावर हातात द्यायचं. वरच्या पत्रात विक्रीबाबत अजून मनाई नाही हे लिहावं लागलं, त्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. थोरल्यांना ते कळलं तर? पण त्यांच्या वकिलांकडे आदेश आहेच, त्यांना ते आधीच माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त आपल्या अशिलाला.

मुदतींबद्दल लिहिताना कायद्यातला आकडा आणि व्यवहार वेगळे ठेवावे लागतात. कैफियत समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत द्यायची, आणि कोर्ट कारणं नोंदवून ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, असं संहितेत आहे. ज्युनिअर लिहितात, “९० दिवसांत कैफियत येईल.” साध्या दिवाणी दाव्यात ही मुदत निव्वळ सक्तीची मानलेली नाही, उशीर माफ होऊ शकतो. शिवाय प्रत्येक प्रतिवादीची मुदत त्याला समन्स लागल्यापासून मोजायची, आणि इथे बहिणींना ते अजून लागलेलंच नाही. म्हणून पत्रात तारीख न देता कशानंतर काय, ते द्यायचं: “तिन्ही प्रतिवादींना समन्स बजावल्यानंतर कैफियतीचा टप्पा पूर्ण होईल, त्यासाठी बहिणींचे पत्ते बरोबर असणे आवश्यक आहे.” अशिलाला वाट किती पाहायची हे नेमकं सांगता येत नाही, पण वाट कशामुळे अडलीय आणि त्यातलं त्याच्या हातात काय आहे हे सांगता येतं. त्याला तेच उपयोगी पडतं.

वाटपाच्या दाव्यात आणखी एक वाक्य चॅटमध्ये हमखास येतं: “निकाल लागला की हिस्सा हातात.” आधी होतो तो प्राथमिक हुकूमनामा, त्यात फक्त कुणाचा किती हिस्सा ते ठरतं. शेतजमिनीवर सरकारी आकारणी असली की प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, म्हणजे प्रकरण महसुलाकडे जातं, मोजणी होते, नकाशा बनतो, हरकती येतात, आणि मग ताबा. मध्ये कुणी अपील केलं तर ते वेगळं. ही साखळी पहिल्याच पत्रासोबत एका परिच्छेदात लिहून दिली, तर पुढे “निकाल तर लागला, मग जमीन का नाही?” या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागत नाही.

निशाणी ५ चा अर्ज पूर्ण मंजूर झाला तरी पत्रात अपिलाची ओळ हवी. तात्पुरत्या मनाईच्या आदेशाविरुद्ध जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येतं, आणि नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळला जातो. “प्रतिवादींना या आदेशाविरुद्ध अपील करण्याचा हक्क आहे, अपील झाल्यास वेगळे काम व वेगळा खर्च येईल” हे आनंदाच्या पत्रातच लिहायचं. समोरचा हजर नसताना एकतर्फी मनाई मिळाली असेल तर आणखी एक निकडीचा परिच्छेद वाढतो: आदेश ३९ नियम ३ प्रमाणे अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती समोरच्याला लगेच पाठवून तसं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करावं लागतं. इथे पत्राची वाट पाहायचीच नाही, अशिलाला सहीसाठी फोन करायचा.

शब्दांचं सांगायचं तर बंदी घातलेल्या शब्दांची यादी भिंतीवर लावून आम्हाला फारसा उपयोग झाला नाही. “नक्की” काढला की त्या जागी “बहुधा” येतो, आणि वाक्य तितकंच पोकळ राहतं. त्याऐवजी प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासायचा. “स्टे मिळेल” यात कर्ता कुणीच नाही. “मनाईसाठी आपल्या वतीने युक्तिवाद केला जाईल, आदेश न्यायालय करेल” असं लिहिलं की आपलं काम कुठे संपतं आणि कोर्टाचं कुठे सुरू होतं ते आपोआप दिसतं. भविष्यकाळात लिहिलेलं प्रत्येक वाक्य एकतर आपल्या कामाबद्दल असावं, नाहीतर कशावर काय अवलंबून आहे याबद्दल. यापैकी काहीच नसेल तर ते वाक्य गाळायचं. मसुदा सिनिअरांकडे जातो तेव्हा ते भविष्यकाळाच्या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारत जातात. तपासणीचा निम्मा भाग तेवढ्यातच होतो.

चॅट बंद केलेलं नाही, त्याचा साचा मात्र बदलला. आता कोर्टातून जाणारा संदेश असा असतो: “काका, आज आपल्या दाव्याचा पुकारा झाला. ताब्याबाबत जैसे थे असा आदेश पुढच्या तारखेपर्यंत झाला आहे, तो दोन्ही बाजूंना लागू आहे. तारीख ____. पत्र येईपर्यंत जमिनीवर काही बदल करू नका. बाकी सविस्तर पत्रात.” अशिलाचा लगेच येणारा प्रश्न ठरलेला: “म्हणजे चांगलं झालं ना?” त्यालाही उत्तर हवंच, गप्प बसलं की तो वाईटच समजतो. “आज जे मागितलं त्यातलं ताब्यापुरतं मिळालं, विक्रीचं अजून बाकी आहे” हे उत्तर खरं आहे आणि त्याला समजेल असं आहे. अंगठा, नमस्कार, टाळ्या यांपैकी काहीही अशिलाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून जाऊ नये. पैसे मिळाल्याची पोच द्यायला चालेल.

पत्र स्पीड पोस्टाने जातं आणि त्याचीच पीडीएफ व्हॉट्सॲपवर, पोस्टाची पावती फाईलमध्ये. पुढच्या तारखेचं पत्र लिहिताना मागच्याची प्रत समोर ठेवायची आणि “काय ठरलेले नाही” या परिच्छेदापासून सुरुवात करायची: त्यातलं आज काय ठरलं, काय अजून तसंच आहे. या दाव्यात पुढच्या तारखेला थोरल्या भावांचा से आला, जैसे थे पुढे चालू राहिलं, एका बहिणीचं समन्स पत्ता अपुरा म्हणून परत आलं. विक्रीची मागणी दुसऱ्या पत्रातही त्याच परिच्छेदात राहिली, फक्त पुढे एक ओळ वाढली: “प्रतिवादी क्र. १ यांनी आपल्या म्हणण्यात आपसात वाटणी झाल्याचा मुद्दा घेतला आहे. त्या फेरफारावरील सहीबाबत बोलण्यासाठी युक्तिवादाच्या तारखेपूर्वी कार्यालयात यावे.”